मागाशेजारच्या खोलीतला संवाद डबिंगला बसत नाहीये: ओठही जमेनात, खोलीही जमेना

कन्ना_चौककर

नमस्कार मंडळी. १४ मिनिटांचा लघुपट आहे, त्यातला एक प्रसंग अडकलाय. सोलापूरच्या साखर पेठेतलं माळवदाचं जुनं घर, जाड भिंती, खाली शहाबादी फरशी. वडील चटईवर बसून हिशोबाची वही चाळतायत, मुलगा दाराच्या चौकटीत उभा. भिंतीला लागूनच मागाचा कारखाना. त्या दिवशी माग बंद ठेवायचं कबूल झालं होतं, पण ऐनवेळी ऑर्डर आली आणि माग चालूच राहिले. आमच्याकडे घर तेवढ्याच दिवसापुरतं होतं, म्हणून तसंच शूट केलं.

बूमला शॉटगन होता, वडिलांच्या सदऱ्याला लेपल. मुलाच्या अंगावर माइक नव्हता. निम्मी वाक्यं चालतील अशी आहेत, निम्मी मागाखाली गेली. गेलेली वाक्यं इथल्याच एका स्टुडिओत डब करून घेतली.

आता दोन अडचणी. वडिलांचं ओठांशी अजिबात जमत नाही, मुलाचं मात्र बऱ्यापैकी जमतं. आणि दोघांचेही आवाज खोलीतले वाटतच नाहीत. मूळ टेकमधल्या वाक्यावरून डबच्या वाक्यावर गेलं की घरातल्या म्हातारीलाही कळतं. (दाखवून बघितलं. "हे रेडिओवरचं काय मध्येच?" म्हणाली.)

फोटो आणि एक क्लिप सोबत टाकलीय. पुन्हा डब करायचं तर काय बदलू?

---

रिव्हर्बराव

सोपं आहे रे. डब ट्रॅकवर रूम रिव्हर्ब टाक, डीके एक-सव्वा सेकंद, वेट वीस टक्के. मूळ वाक्यावरून ईक्यू मॅच करून घे. ओठांसाठी आपोआप जुळवणारी सॉफ्टवेअरं मिळतात, पायलट म्हणजे शूटिंगचा मूळ आवाज दाखवायचा आणि डब दाखवायचा, ते ओढून-ताणून बसवतं. अर्ध्या तासाचं काम. पुन्हा डबिंगचे पैसे कशाला घालवतो?

---

पद्मा_आक्का

आम्ही घरच्या घरी मराठी नाटुकल्या तेलुगूत करतो, त्यामुळे हा त्रास चांगलाच माहीत आहे. तेलुगू वाक्य लांब होतं, तोंड आधीच मिटलेलं असतं. मग वाक्यच बदलायचं, अर्थ तोच ठेवून शब्द आखूड घ्यायचे. पाठमोरा शॉट असेल तिथे उरलेलं कोंबायचं. तुमचे संवाद कोण लिहून देतंय?

---

कन्ना_चौककर

आक्का, आमची भाषा तीच आहे, मराठीचं मराठीच. तोच नट, तेच वाक्य, फक्त आवाज नव्याने घेतलाय.

---

पद्मा_आक्का

अगंबाई, मग अवघड काय त्यात! तोच माणूस तेच बोलतोय ना?

---

बूमवाली

आक्का, तिथेच तर अवघड असतं. दुसऱ्या भाषेत डब केलेलं बघताना प्रेक्षक आपणहून सवलत देतो. इथे त्याने आत्ताच त्याच माणसाचा खरा आवाज ऐकलेला असतो, आणि पुढच्याच वाक्याला डब येतं.

चौककर, थोडं विचारते, मग बोलू. वडिलांचा आवाज ओठांच्या मागे पडतो की पुढे जातो? सगळ्या वाक्यांत सारखाच, की कुठे कमी कुठे जास्त? डबिंगला दोघं कसे बोलत होते, पडद्यावर बघून की कानात पायलट ऐकून? माइक कुठला होता आणि तोंडापासून किती लांब?

---

कन्ना_चौककर

मागे पडतो. मोजलं नव्हतं, आत्ता टाइमलाइनवर बघितलं. २५ फ्रेमला शूट आहे, जवळजवळ प्रत्येक वाक्य ३ फ्रेम मागे आहे. एक-दोन ठिकाणी जास्त.

वडिलांचं काम करणारे काका रंगभूमीवरचे. "कानात जुना आवाज असला की मी त्याची नक्कल करायला लागतो" म्हणाले आणि पायलट बंद करायला लावला. समोरच्या टीव्हीवर बघून बोलले. मुलाचं काम करणारा उलट, डोळे मिटून कानात ऐकायचा आणि लगेच तसंच म्हणायचा.

माइक स्टुडिओचा होता, मोठा कंडेन्सर, समोर जाळी. तोंड साधारण वीतभर लांब. बूथला सगळीकडून फोम.

---

बूमवाली

मग वडिलांचा निम्मा प्रश्न काकांचा नाहीच, त्या टीव्हीचा आहे.

घरगुती मोठे टीव्ही आलेलं चित्र आत आधी घोटतात आणि मग दाखवतात. त्यात शंभर-सव्वाशे मिलिसेकंद सहज जातात. २५ ला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, म्हणजे तुझे ३ फ्रेम. काका ओठ हललेले बघून बोलले, पण त्यांना ते ओठच उशिरा दिसत होते. मुलगा कानावर गेला, आवाज वेळेवर येत होता, म्हणून तो वाचला. सगळीकडे सारखाच उशीर आहे ही खूण पक्की आहे. नटाची चूक कधी सारखी नसते, ती कुठे पुढे असते कुठे मागे.

खात्री करायची असेल तर त्याच टीव्हीवर क्लॅपचा शॉट लाव, आवाज ऑडिओ इंटरफेसमधून स्पीकरवर दे, आणि फोनवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये दोन्ही शूट कर. पाटी मिटलेली दिसते तिथपासून आवाज किती आधी येतो ते मोज. टीव्हीला गेम मोड असेल तर चालू केल्यावर फरक बराच कमी होतो. नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओला ऑफसेट देऊन चित्र तेवढं आधी सोडता येतं. ब्लूटूथ हेडफोनचा घोळ याच जातीचा, त्यात आवाज उशिरा पोचतो. डबिंगला हेडफोन कायम वायरचा.

आता तुझ्या हातात आहे त्यावर आधी हे कर: वडिलांचा सगळा डब ट्रॅक एकदम ३ फ्रेम आधी ओढ. वाक्य-वाक्य हलवत बसू नकोस. मग जे उरेल ती खरी चूक.

---

मंगलकार्यालय_व्हिडिओ

माझंही हेच होतं! लग्नाचा व्हिडिओ, फोनवर शूट, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला बरोबर असतं, मंगलाष्टकं संपेपर्यंत गुरुजींचे ओठ आणि आवाज दोन वेगळ्या गावाला. मीपण ३ फ्रेम ओढू का?

---

बूमवाली

नको. तुमचं वाढत जातंय, ह्यांचं ठाम आहे. फोन बऱ्याचदा फ्रेमचा वेग कमी-जास्त करत शूट करतो. एडिटला घ्यायच्या आधी व्हिडिओ ठरावीक फ्रेम रेटवर बदलून घ्या. दोन्हीकडे ४८ हजारचाच सॅम्पल रेट आहे का तेही बघा. त्यावर वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

---

कन्ना_चौककर

३ फ्रेम ओढले. अक्षरशः निम्मं काम झालं! पण एक वाक्य अजूनही खटकतं आणि नेमका तो क्लोजअप आहे. मुलगा सांगतो, "अण्णा, माल परत आला." वडील वर बघतात आणि म्हणतात, "मग? मापात काय कमी पडलं?" सुरुवात जुळवली की शेवट सुटतो, शेवट जुळवला की सुरुवात. रिव्हर्बरावांनी सांगितलेलं आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअर चाचणी आवृत्तीत लावलं. वेळेत बसलं, पण "मापात" असं ऐकू येतं की काका पाण्यातून बोलतायत.

---

बूमवाली

मस्त वाक्य मिळालंय, ह्याच्यावर हात बसेल. बघ, ह्यात ओठ पाच वेळा मिटतात. "मग"चा म, "मापात"चा म आणि प, "कमी"चा म, "पडलं"चा प. बाकी काय होतंय ते प्रेक्षकाला ओठांवरून फारसं दिसत नाही. "काय" आणि "ग" घशाजवळ होतात. म्हणजे ह्या पाच जागा बसल्या की वाक्य बसलं.

आवाज बंद करून चित्र फ्रेम-फ्रेम पुढे सरकव आणि ओठ मिटतात-उघडतात तिथे मार्कर टाक. मग वेव्हफॉर्मवर तीच अक्षरं शोध. इथे एक गोम आहे. म ओठ मिटलेले असतानाच ऐकू येतो, आवाज नाकातून येतो ना. म्हणून म-ची गुणगुण जिथे सुरू होते ती जागा ओठ *मिटल्याच्या* फ्रेमवर ठेवायची. प मात्र मिटलेल्या ओठांत मुका असतो आणि उघडताना फुटतो. म्हणून प-चा ठोका ओठ *उघडल्याच्या* फ्रेमवर. दोन्ही एकाच मापाने लावलेस तर एक बसेल आणि दुसरं एक-दोन फ्रेम चुकेल, आणि काय चुकलं ते कळणारही नाही.

आता ताणायचं कुठे? अख्खं वाक्य ताणू नकोस, म्हणूनच ते पाण्यातलं झालं. आधी "मग?" कापून वेगळं कर. त्यानंतरची शांतता वाटेल तेवढी वाढव किंवा कमी कर, तिथे काहीच बिघडत नाही. मग "मापात"चा पहिला म बसव. "मा"मधला आ आखूड पडत असेल तर फक्त तो आ थोडा ताण, पाच टक्क्यांच्या आत राहिलास तर कान पकडत नाही. तरी प लवकर येत असेल तर प फुटायच्या आधीच्या मुक्या क्षणात काप आणि तिथे एक फ्रेमभर खोलीची शांतता भर. ओठ मिटलेलेच आहेत, कुणाला संशय येत नाही. प, ट, क असल्या ठोक्यांच्या अक्षरांना मात्र ताणायचं नाही, ती पसरट होतात.

आणि एवढं करूनही तीन-चार फ्रेम सुटत असतील तर ते वाक्य टाकून दे. दुसऱ्या टेकमधून घे, अगदी एक शब्द एका टेकचा आणि दुसरा दुसऱ्याचा असला तरी हरकत नाही.

---

जुना_नट

बाई म्हणतात ते बरोबर आहे, पण नटाच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली. शूटिंगच्या दिवशी माग चालू होते. म्हणजे दोघंही नकळत आवाज चढवून बोलले असणार. मागाच्या कारखान्यात काम करणारा घरी आल्यावरसुद्धा ओरडून बोलतो, हे सोलापुरात सांगायला नको. फोमच्या बूथमध्ये तोच माणूस हळू बोलतो. मग तुम्ही फेडर वर केला तरी ते मोठ्याने केलेलं हळू बोलणंच राहतं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसतात आणि आवाज मवाळ. पुन्हा डब करताना एका कानात मागाचा खडखडाट द्या, जोरात द्या. आपोआप आवाज चढेल.

दुसरी. पायलट ऐकून पोपटासारखं म्हणणं मला पटत नाही. त्यात लय येते, अर्थ येत नाही. बघून बोलावं. टीव्हीचा उशीर काढला की झालं.

---

बूमवाली

खडखडाटाचं शंभर टक्के. मी लिहिणारच होते.

दुसऱ्यावर मात्र आपलं जमणार नाही. मी बघितलेले बरेच नट कानावर जास्त नेमके पडतात, विशेषतः छोटी वाक्यं. तीन बीप, एकेक सेकंदाच्या अंतराने, आणि चौथी जिथे पडली असती तिथे वाक्य सुरू. ऐक-बोल, ऐक-बोल. चौथ्या-पाचव्या फेरीला नक्कल जाते आणि भाव येतो. पण हे माणसावर आहे, काकांना ओढूनताणून कानावर आणू नका.

---

जुना_नट

माणसावर आहे, एवढं मान्य. बाकी नाही.

आणि चौककर, फोटोंसोबत टाकलेल्या क्लिपमध्ये एक दिसलं. काका मूळ शॉटमध्ये "तिथं उभा राहून काय करलालास?" म्हणतायत. डबमध्ये "काय करतोयस?" झालंय. हे कुणाच्या सांगण्यावरून?

---

कन्ना_चौककर

माझ्याच. बाहेरच्या महोत्सवात पाठवायचंय, तिथे कळावं म्हणून.

---

जुना_नट

कळण्याचं जाऊ दे, तोंड बघ. "लालास"ला जबडा दोनदा उघडतो, "तो"ला ओठ गोल होतात. चित्रात उघडं तोंड आणि कानाला गोल आवाज. अक्षरं पाचच्या पाच आहेत म्हणून तुला वाटलं बसलं. क्लोजअपमध्ये बसत नाही. आणि सोलापुरातला मागवाला "करतोयस" म्हणतो हे तुझ्या म्हातारीला तरी पटेल का?

---

रिव्हर्बराव

ओठांचं ठीक आहे, बाई जिंकल्या. पण खोलीचं मी म्हणतो तेच. रिव्हर्बशिवाय फोमच्या बूथमधला आवाज खोलीत जाणारच नाही. एक सेकंद जास्त वाटत असेल तर कमी कर. अजून चांगलं म्हणजे त्या घरात जाऊन फुगा फोड, तो आवाज रेकॉर्ड कर आणि कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये टाक. खोलीच उचलून आणल्यासारखं.

---

बूमवाली

फुग्याची कल्पना चुकीची नाही, क्रम चुकतोय.

माळवदाच्या खोलीला शेपूट नसते. वर लाकूड आणि माती, भिंती जाड, आत गाद्या आणि गठ्ठे. तिथे टाळी वाजवली तर घुमत नाही, लगेच मरते. एक सेकंदाचा डीके दिलास तर ते सभागृह होईल. त्या खोलीचा आवाज घुमण्यात नाही, अंतरात आहे. बूम काकांच्या तोंडापासून दोन-अडीच फूट वर. थेट आवाजाच्या मागोमाग, काही मिलिसेकंदांत, फरशीवरून आणि भिंतीवरून परत आलेला आवाज. तो वेगळा ऐकू येत नाही, पण आवाजाचा रंग तोच ठरवतो. काका जमिनीवर बसलेत, फरशी तोंडापासून जेमतेम अडीच फूट. बूथमध्ये ते उभे होते आणि पायाखाली गालिचा.

उलट बाजूने, वीतभर अंतरावरून घेतलेल्या आवाजात खर्ज फुगतो, ओठांची चटचट आणि श्वास पुढे येतो. ते सगळं *आत* गेलेलं असतं. वर रिव्हर्ब टाकलास की कानाला जवळचा माणूस आणि त्याच्या मागे कुठेतरी खोली असं दोन्ही ऐकू येतं. म्हातारीचं "रेडिओवरचं" हेच.

म्हणून आधी माइक. शूटिंगला जो शॉटगन होता तोच आण. लहान खोलीत शॉटगन तसा फार चांगला वागत नाही, बाजूचे परतीचे आवाज चमत्कारिक करून घेतो. एरवी मी आत दुसरा माइक वापरायला सांगितलं असतं. पण तुला चांगला आवाज नकोय, *तोच* आवाज हवाय. क्लोजअपच्या वाक्यांना अडीच फूट, लांबच्या शॉटच्या वाक्यांना साडेतीन-चार. वरून, थोडा छातीकडे रोखलेला. काकांना खाली बसव, त्याच कोनात, हातात वही.

आणि हे सगळं कर त्याच घरात. माग बंद असतील त्या दिवशी जा.

मूळची जी वाक्यं ठेवतोयस ती बूमची आहेत की लेपलची?

---

कन्ना_चौककर

बूमचीच, दोन वाक्यं सोडून. ती दोन लेपलची, सदऱ्याखालून छातीतला आवाज येतो. मग तीही डब करून टाकतो.

घर मिळेल. मागाला सुट्टी कधी ते मालकाला विचारतो. पण मुलाचं काम करणारा पुण्याला गेलाय नोकरीला, तो लगेच येणार नाही.

---

रिव्हर्बराव

बघा, मग मुलासाठी फुगाच.

---

बूमवाली

मुलासाठी हो. पण फुग्याऐवजी स्वीप. फुगा दर वेळी वेगळा फुटतो आणि त्यात खालचे सूर कमी असतात. एक बऱ्यापैकी स्पीकर चौकटीत मुलाच्या तोंडाच्या उंचीवर ठेव, तोंड वडिलांकडे. बूम मूळ जागी. दहा सेकंदांचा खालून वर चढत जाणारा सूर वाजव आणि रेकॉर्ड कर. त्यातून खोली काढून देणारी साधनं मिळतात. स्पीकरचा स्वतःचा रंगही त्यात येतो, तो ईक्यूने थोडा काढावा लागेल.

---

कन्ना_चौककर

जाऊन आलो, सांगतो.

माग बंद होते. काकांना तिथेच बसवलं, शॉटगन तोच, लॅपटॉप समोर. पहिल्याच टेकला धक्का बसला. खोली *जास्त* घुमत होती. मग लक्षात आलं, शूटिंगला मागच्या भिंतीला चादरींचे गठ्ठे रचलेले होते, ते माल म्हणून विकले गेले. घरवाल्या मावशींनी वाकळा आणि दोन गाद्या दिल्या, त्या भिंतीला लावल्या, आणि आवाज बसला. मी मूळ वाक्य आणि नवं वाक्य पाठोपाठ लावून डोळे मिटून ऐकत होतो. अडीच फुटांवरून बूम एक फूट खाली आणला तरी लगेच कळायचं.

काकांच्या कानात मागाचा आवाज दिला. "करलालास" परत घेतलं. "मग? मापात काय कमी पडलं?" चौथ्या टेकला न कापता बसलं, फक्त "मग" नंतर पाच फ्रेम शांतता घातली. वडिलांचं काम मिटलं.

आता नवी अडचण. नवी वाक्यं स्वच्छ आहेत, मूळ वाक्यांखाली माग आहे. म्हणून मूळ टेकमधल्या संवादांच्या मधली मागाची शांतता (शांतता कसली) उचलून डबच्या खाली पसरली. सगळ्यांत लांब तुकडा ४ सेकंदांचाच मिळतो. तो जोडत गेलो की दर जोडावर माग अडखळतो.

---

धोटा

मी आवाजातला नाही, आमचे माग आहेत. धागा गंमत म्हणून वाचत होतो. तुमचा तुकडा ठोक्यावर कापताय का? लागून असलेला माग कान देऊन मोजा, साधारण सेकंदाला दोन ठोके पडत असतील. अर्धा ठोका कापला तर अडखळणारच. आणि ठोके *सम* संख्येत घ्या, सहा किंवा आठ. धोटा एकदा डावीकडून जातो, एकदा उजवीकडून, आणि दोन्ही बाजूंचा ठोका सारखा वाजत नाही. विषम घेतलेत तर डावा-डावा लागोपाठ येतो. आमच्याकडच्या पोरालाही कळेल की माग बिघडलाय.

---

बूमवाली

धोटा, हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. चौककर, तसंच कर. जोड दोन ठोक्यांच्या मधल्या पडत्या आवाजात घे, छोटा क्रॉसफेड.

त्याहून बरं म्हणजे माग चालू असलेल्या दिवशी त्याच खोलीत, बूम त्याच जागी धरून, कुणी न बोलता तीन-चार मिनिटं नुसता माग रेकॉर्ड कर. किती माग चालू असतील ते जुळेलच असं नाही, पण लांबलचक अखंड तुकडा मिळेल. आणि तो सगळ्या प्रसंगाखाली सलग सोड, फक्त डबच्या वाक्यांखाली नको. नाहीतर वाक्य आलं की माग सुरू, संपलं की बंद.

---

जुना_नट

मला विचाराल तर मागाचा आवाज थोडा जास्तच असू द्या. सोलापूरचं घर आहे, माग ऐकू आलाच पाहिजे. त्याखाली बारीकसारीक खपूनही जातं.

---

बूमवाली

खपतं, पण मग संवाद ऐकू येत नाही म्हणून पुन्हा आवाज वर, आणि डबची चमक परत बाहेर. माझं मत, माग कानाला लागेल एवढा, त्याहून जास्त नाही.

---

कन्ना_चौककर

सम ठोक्यांनी जोड लपले. धोटाराव, नावनिशी आभार मानायला नाव कळवा, नाहीतर श्रेयनामावलीत "धोटा" लिहीन.

आता मुलगा. स्वीप घेतला, स्टुडिओतल्या त्याच्या डबवर लावला. आधीपेक्षा कितीतरी बरं. पण वडिलांच्या वाक्याशेजारी अजूनही जवळचा वाटतो. चित्र बंद करून ऐकलं की वडील खोलीत आणि मुलगा माझ्या कानाशी.

---

रिव्हर्बराव

दोनशे हर्ट्झच्या खालचं हळूहळू उतरव, वरचं जरा झाक, श्वास काप. स्वीपचा वेट वाढव. चौकटीतला माणूस आहे, क्लोजअप नाहीये, चालेल. पुण्याच्या खेपेला कशाला खर्च?

---

बूमवाली

चालेलही कदाचित. पण अजून एक शंका आहे. तो चौकटीत उभा आहे, म्हणजे अर्धा खोलीत, अर्धा बाहेरच्या चौकात. त्याच्या पाठीमागे उघडं आहे, तिकडून काही परत येत नाही. स्वीपच्या वेळी दार पूर्ण उघडं होतं की लोटलेलं?

---

कन्ना_चौककर

लोटलेलं. मावशींनी मांजर आत येतं म्हणून लोटलं होतं. शॉटमध्ये पूर्ण उघडं आहे.

---

बूमवाली

मग त्या स्वीपमध्ये त्याच्या पाठीमागे लाकडी फळी आहे. आधी दार उघडून स्वीप परत घे, मांजराला मी जबाबदार. तेवढ्याने भागलं तर रिव्हर्बरावांचं ईक्यू पुरे.

नाही भागलं तर शॉटगन पुण्याला पाठव. मुलाला स्टुडिओत नेऊ नकोस, सामान भरलेल्या कुठल्याही खोलीत उभं कर, पाठ उघड्या दाराकडे, पंखा बंद, माइक तीन फुटांवर वरून, कानात वायरचा हेडफोन आणि त्यात माग. त्याला कानावरच बोलू दे, त्याचं ते जमतं. प्रत्येक वाक्याचे चार-पाच टेक आणि शेवटी अर्धा मिनिट नुसती खोली, न बोलता. मुलाची किती वाक्यं आहेत?

---

कन्ना_चौककर

सहा. त्यातलं एक पाठमोरं.

---

पद्मा_आक्का

मग पाचच धरा.